ईशान्येची पन्हळ

सुरतजवळ पलसाण्याला माझ्या धाकट्या बहिणीचं लूमचं खातं, म्हणजे कापड विणायचा छोटा कारखाना आहे. तिच्या नवऱ्याने जुन्या शेडला खेटून दुसरी शेड काढायचं ठरवलं आणि पत्र्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. शेड उभ्या करण्यात माझं आयुष्य गेलंय.

दोन्ही छपरांचे उतार मधल्या एकाच पन्हळीत येणार होते आणि पन्हळीच्या बरोबर खाली बहिणीचे नवे लूम. त्या लूमवरच दोघांचं घर चालणार. पन्हळ भरून वाहिली की पाणी थेट सुतावर आणि मोटारींवर.

"जुनी पन्हळ कधी सांडली नाही," दाजी म्हणाले.

"आतापर्यंत एका छपराचं पाणी घेत होती, दाजी. आता दोन!"

"मग मोठी बसवा. पण पाइप एकच, ईशान्येला. वास्तूवाल्याने सांगितलंय, पाणी तिथूनच गेलं पाहिजे."

माझं डोकंच फिरलं. पन्हळ कितीही मोठी करा, तोंड एकच असेल तर पाणी तुंबणारच. मी त्यांना खडूने जमिनीवरच हिशेब मांडून दाखवला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दिवसभरात किती पडला ते विसरा; सर आली की दहा-पंधरा मिनिटांत किती कोसळतो ते धरा. आपल्याकडे तो टिपटिप पडतो का?

हिशेब दाजींना पटला. पण ईशान्य सोडायला तयार नाहीत. बहीण म्हणाली, "भाऊ, तू यांच्याशी भांडू नको, तोड काढ."

तोड निघाली. पन्हळ खोल केली, दर दोन खांबांनंतर एक पाइप खाली उतरवला, प्रत्येक पाइपच्या तोंडाशी रुंद पेटी दिली म्हणजे पाणी अडखळत नाही. खाली सगळे पाइप जमिनीतल्या मोठ्या नाल्यात सोडले आणि नाला नेला ईशान्येला! वास्तूला पाणी शेवटी ईशान्येने बाहेर गेल्याशी मतलब, वरून कुठून उतरतं याचं काय? शिवाय पन्हळीच्या दोन्ही टोकांच्या पट्ट्या बाजूंपेक्षा खाली कापल्या. उद्या कचऱ्याने पाइप तुंबले तरी पाणी बाहेर पडेल, लूमवर नाही. दाजींनी नाल्यावर नारळ फोडला.

जुलैत एका दुपारी हायवेवर समोरची गाडी दिसेना असा पाऊस लागला. माझ्या कामावर माझा भरवसा होता, खोटं कशाला सांगू? पण खाली बहीण होती. गाडी वळवली आणि खात्यात पळत शिरलो.

सगळे लूम खडखडत होते. बहीण पन्हळीखालच्याच लूमवर वाकून तुटलेला धागा जोडत होती. वर पाहतही नव्हती. मी समोर उभा राहिलो तेव्हा तिने मान उचलली, मला नखशिखान्त निथळताना पाहिलं आणि खडखडाटावर आमच्या अहिराणीत ओरडली, "काय व्हयनं भाऊ? बाहेर पानी चालू शे का?"