फोटोतला सहाचा आकडा

निपाणीत हायवेला माझं टायरचं दुकान होतं. चौथीत शाळा सुटली. इंग्रजी अक्षरं मी शिकलो ती टायरच्या अंगावर. त्यामुळं टायर वाचायला निपाणीत माझ्यासारखा न्हाय, असं मी म्हणायचो, आणि माणसं ते ऐकून घ्यायची.

सत्त्याऐंशी सालातली गोष्ट. माझे दाजी, म्हणजे आक्काचे मालक, निपाणीच्याच एका लॉरीवाल्याकडं ड्रायव्हर होते. गूळ भरून बेळगावकडनं येताना मागचा टायर फुटला आणि गाडी चरीत आडवी झाली. दाजींना खरचटण्यावर भागलं. पण चूक कुणाची, हे ठरायचं होतं. आमच्याकडं असलं भांडण पोलिसांत न्यायची रीत नव्हती. लॉरीवाल्यांतले जुने आप्पा बसायचे, दोन्हीकडचं ऐकायचे, आणि ते म्हणतील तसं. दाजींची चूक ठरली असती तर त्या रस्त्यावर त्यांच्या हातात पुन्हा कुणी स्टेअरिंग दिलं नसतं.

टायर विम्याच्या माणसानं बेळगावला नेला होता. त्यानं कॅम्पातल्या फोटोवाल्याकडनं टायरची बाजू अगदी जवळनं काढून घेतलेली, त्यातला एक फोटो लॉरीच्या मालकाकडं होता. बैठकीत दाजी एवढंच म्हणाले, “टायर म्हातारा होता आप्पा. गोव्याकडनं आलेला, कुठं तरी पडून राहिलेला परदेशी माल हाय.”

“वर्षाचा टायर हाय,” मालक म्हणाला. “ह्याला चालवता येत न्हाय, आन टायरला म्हातारा म्हणतोय.”

आप्पांनी फोटो माझ्या हातात दिला. “वाच रं, तुझी विद्या हाय ही.”

मी फोटो उजेडाला धरला. “नऊ, मग आर, मग वीस. नऊ इंच रुंदीचा, रेडियल, वीस इंची रिमचा. खाली एकशे चाळीस, तिरकी रेघ, एकशे सदतीस.”

“तेवढी पोती भरायची व्हय?” कोपऱ्यातनं कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. दाजी हसले नाहीत.

“पोती न्हवं आन किलोबी न्हवं,” मी म्हणालो. “वजनाची खूण हाय ती, तक्त्यात बघायची. पैला आकडा टायर एकटा असला तर, अडीच हजार किलो. दुसरा जोडीत असला तर, तेवीसशे.”

“साल सांग,” आप्पा म्हणाले.

अंडाकार चौकटीत तीन आकडे होते. तीन, एक, सहा. एकतिसावा आठवडा, साल सहा. तेव्हा सालाचा शेवटचा एकच आकडा टायरवर यायचा. शहात्तर म्हणा नायतर शहाऐंशी, दोन्ही बसत होतं. दाजी माझ्याकडं बघत होते. मी नुसतं ‘सांगता येत न्हाय’ म्हटलं असतं तरी चाललं असतं.

पण मला सांगता येत होतं. “शहाऐंशी,” मी म्हणालो. “ह्या कंपनीचे शहात्तरचे टायर माझ्या हातनं गेल्यात. त्यांवर नुसता प्लायचा, म्हंजी आतल्या थरांचा आकडा असायचा, ही वजनाची खूण नसायची.”

दाजींनी मान खाली घातली. आप्पा म्हणाले, “मग टायर तरणा हाय. चूक ड्रायव्हरची. मिटलं.”

तेव्हा माझ्या डोक्यात हिशेब झाला. मागं एका बाजूला दोन टायर जोडीनं भार उचलतात, साडेचार हजाराच्या वर. आतला हवा जाऊन बसला तर बाहेरच्या एकट्यावर ते सगळं, आणि एकट्याला सोसतं अडीच हजार. वर्षाचा टायरही असा फुटतो. आतला बसल्यावर ड्रायव्हर थांबून स्टेपनी चढवतो. त्या गाडीची स्टेपनी रिमोल्ड करायला, म्हणजे वर नवं रबर चढवायला, माझ्याच दुकानात पडली होती. मालक म्हणालेला, चार दिवस तिच्याशिवाय चालंल. दाजींना ते ठाऊक होतं. मालकावर बोट ठेवलं तर नोकरी जाते, म्हणून ते टायरच्या वयावर ढकलत होते. आणि मी त्यांचा तेवढा आधारही काढून घेतला.

अजून बोलता आलं असतं. पण मला सालच विचारलं होतं, ते बरोबर सांगितलं म्हणून चौघांनी मान डोलावली होती, आणि मालक माझं जुनं गिऱ्हाईक. मी फोटो परत दिला.

आठ दिवसांनी आप्पांकडं जाऊन स्टेपनीचं सांगितलं. ते म्हणाले, “तवा तोंडात काय धरलं हुतंस?” दुसरा ड्रायव्हर तोवर गाडीवर बसला होता. दाजी लोंढ्याला लाकडाच्या वखारीत हमालीला गेले.

पुढं एकदा तिकडं गेलो तर आक्कानं पाणी दिलं आणि आत निघून गेली. मी म्हणालो, “दाजी, मी फोटोत होतं तेच वाचलं.”

“व्हय,” ते म्हणाले. “आतला टायर बसला तवा गाडी सोडून जाता येईना, गूळ लुटला असता. हळूहळू तुझ्याच दुकानाकडं आणत होतो.”

मग त्यांनी भाकरी वाढायला सांगितली. मी जेवलो. काय खाल्लं ते आठवत नाही.