सातव्या ओळीची रिकामी जागा

मला याद्या करायची सवय शाळेपासूनची. किराण्याची यादी, धोब्याकडच्या कपड्यांची यादी, कोणाकडून काय उसनं आणलं त्याची यादी. प्रत्येक ओळीला नंबर घालायचा, काम झालं की खूण करायची. या सवयीनं आयुष्यात पुष्कळ सोय झाली. एकदा तिनंच मला उघडं पाडलं, ते आज लिहून टाकते.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. लालबागच्या आमच्या चाळीतून मी परळला नोकरीला जात असे. आमची पेढी गिरण्यांना लागणारं सामान पुरवायची: मागावरचे धोटे, सूत गुंडाळायच्या बॉबिनी, चामड्याचे पट्टे. माल बाहेरगावच्या कारखान्यांतून मागवायचा आणि गिरणीच्या दारात पोचवायचा, हा धंदा. मी डिस्पॅचला, म्हणजे माल गिरणीकडे रवाना करण्याच्या टेबलावर, चार वर्षं होते. खरेदीच्या टेबलावरचे गृहस्थ दिवाळीला निवृत्त व्हायचे होते. ते टेबल मला हवं होतं. कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण माझ्या वहीत ते पहिल्या नंबरावर होतं.

गणपती झाले आणि गिरगावची एक मुलगी नोकरीला आली. माझ्याहून तीनेक वर्षांनी लहान, इंटर झालेली. इंग्रजी पत्र वाचताना तिचे ओठ हलत नसत. माझे हलत. तिच्याकडे हिरवट शाईचं झाक फौंटनपेन होतं. हेडक्लार्क काका माझ्यासाठी पेल्यात चहा मागवायचे. तिच्यासाठी कपबशी आली. चौथ्या दिवशी मी हे मोजायला लागले, त्यावरून काय ते समजावं.

पाचव्या दिवशी काका म्हणाले, "हिला बीजक वाचायला शिकव गं. तुझी ती वही आहे ना?"

बीजक म्हणजे मालाचं बिल; ते कसं वाचायचं, याच्या माझ्या वहीत नवख्यासाठी आठ ओळी होत्या. चार वर्षांत चुका करून, बोलणी खाऊन जमवलेल्या. मी सांगत गेले, ती लिहीत गेली.

"एक. क्यूटीवाय म्हणजे क्वांटिटी. किती नग, ते. दोन. त्याच्या शेजारी युनिट." (आताच्या बिलांवर याला यूओएम म्हणतात. गोष्ट तीच.) "नुसता आकडा कधी वाचायचा नाही. सहा लिहिलंय, तर सहा काय? सहा नग, सहा डझन, की सहा पौंड?"

"आणि ग्रोस?"

"तीन नंबरला डझन, चारला ग्रोस. ग्रोस म्हणजे बारा डझन, एकशे चव्वेचाळीस. सहा ग्रोस धोटे आले आणि तू सहा नग धरलेस, तर गोदामवाला तुला बाकड्यावर उभी करील."

ती हसली. तिचं हसणंही नीटनेटकं होतं. पाच, फ्रेट पेड: वाहतूक पाठवणाऱ्यानं भरली आहे, माल सोडवताना आपल्याकडे भाडं मागितलं तर द्यायचं नाही. सहा, फ्रेट टू पे: भाडं आपण भरून माल सोडवायचा.

माझ्या वहीतली सातवी ओळ होती एक्स वर्क्स. म्हणजे भाव फक्त कारखान्याच्या फाटकापर्यंतचा. पुढची गाडी, हमाली, भाडं, वाटेतली जोखीम, सगळं घेणाऱ्याचं. आपण गाडी पाठवली नाही तर माल तिथेच पडून राहतो. हे मला दोन वर्षांपूर्वी फार महागात पडून कळलं होतं.

तेवढ्यात काका तिच्या खांद्यावरून वहीत डोकावले. "अक्षर बघा. छापल्यासारखं," म्हणाले. माझ्या चार वर्षांच्या वहीकडे त्यांनी कधी असं पाहिलं नव्हतं.

"आठ," मी म्हटलं. "ई अँड ओ ई. चूकभूल द्यावी घ्यावी."

सातवी ओळ गाळली ते ठरवून केलं नाही, असं पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले. ठरवूनच केलं.

पुढच्या आठवड्यात काकांनी आम्हा दोघींना एकेक ऑर्डर दिली. कोण कशी पार पाडतं ते बघून टेबल द्यायचं, हे त्यांनी न सांगताही कळत होतं. माझ्याकडे पट्टे होते, नेहमीच्या कारखान्याचे, फ्रेट पेड. ते वेळेवर आले. तिच्याकडे धोटे, अहमदाबादकडच्या नव्या कारखान्याचे. बीजक टपालानं आलं ते तिच्या ट्रेमध्ये मी पाहिलं. सहा, ग्रोस, खाली एक्स वर्क्स. क्वांटिटी आणि युनिट दोन्हींवर तिनं बारीक खूण केली आणि कागद येणाऱ्या मालाच्या फायलीत लावला. मी माझ्या टेबलावर जाऊन पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवत बसले.

आठ दिवस गेले. मध्ये एक हरताळ झाला, मोर्चा निघाला, दोन दिवस रस्ते बंद. माल आला नाही तरी कोणाला नवल वाटलं नाही. "गाड्या अडल्या असतील," ती म्हणाली. मी "असतील" म्हटलं.

नवव्या दिवशी गिरणीच्या विणकामखात्याचा माणूस जिना चढून आला. "काय हो, धोटे विणताय की काय? आमचे माग उभे राहायची पाळी आली."

काकांनी अहमदाबादला ट्रंककॉल लावला. बोलणं ऐकून फोन ठेवला. "माल आठ दिवस बांधून पडलाय. ते विचारतायत, तुमची गाडी कुठाय?"

ती उभी राहिली. "पण एक्स वर्क्स लिहिलं होतं, काका. एक्स म्हणजे बाहेर. मला वाटलं, माल कारखान्यातून बाहेर पडलाय."

ज्या इंग्रजीवर मी जळत होते, त्यानंच तिला फसवलं होतं. मला एक क्षण, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

"शिकवलं नव्हतं?" काकांनी हात पुढे केला. तिनं वही दिली. मग माझीही मागितली. दोन्ही शेजारी उघडल्या. तिच्या वहीत सहा होतं, आठ होतं. मध्ये सात हा आकडा लिहून पुढे एक ओळ स्वच्छ रिकामी सोडलेली. मी नंबर गाळून पुढे गेले होते आणि तिनं जागा राखून ठेवली होती.

"माझंच राहिलं असेल," ती म्हणाली. "ताईंनी सांगितलं असणार. मी मागाहून विचारणार होते, विसरले."

काका माझ्याकडे बघत होते. गप्प बसले असते तर निभलं असतं. पण अक्षर तिचं, कपबशी तिची, आणि आता मोठेपणाही तिचाच, हे मला सोसवेना.

"मी सांगितलं नाही," मी म्हटलं. "बीजकही पाहिलं होतं."

विणकामखात्याचा माणूस छताच्या पंख्याकडे बघू लागला. काकांनी आधी अहमदाबादच्या ट्रान्स्पोर्टवाल्याला फोन करून गाडी पाठवली. मग आवाज न चढवता म्हणाले, "न समजल्यानं चुकलं तर शिकवता येतं. माहीत असून दडवणाऱ्याला मी खरेदीला बसवत नाही. दिवाळीपासून ते टेबल हिचं. तू डिस्पॅचला." त्यांनी तिची वही माझ्यापुढे सरकवली. "आणि ही ओळ तू भर."

माझा टाक टेबलावर राहिला होता. तिनं तिचं पेन पुढे केलं. मी लिहिलं: एक्स वर्क्स, भाव फाटकापर्यंत, गाडी आपली. निब कागदावरून लोण्यासारखं चाललं. इतकं चांगलं पेन माझ्याकडे कधीच नव्हतं, आणि त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात सगळ्यात आधी तेच आलं.