मनगटापर्यंत न पोचलेला ठोका

१४ जानेवारी १९३९, सकाळी आठ. विडीची तंबाखू ओढून पारखताना छातीत ठोका चुकला. नाडीही मधूनच थांबत होती. अंत जवळ आला असे समजून मी गोंदियाच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी छातीला नळी लावून नाडी धरली.

"ठोका चुकत नाही, काकाजी. तो वेळेआधी पडतो, दुबळा असतो, म्हणून मनगटाला लागत नाही. पुढचा उशिरा, पण जोरात येतो."

"म्हणजे मरून नाही राहिलो?"

"भोवळ, धाप, छातीत कळ?"

"नाही."

"मग हृदय धड आहे. यातले काही झाले, तर तडक या. दिवसाला विड्या किती?"

"पारखायच्या म्हणून चाळीस."

"त्या सोडा."

संध्याकाळी पारखीचे काम मी धाकट्या भावाच्या हाती दिले.