टमाटर, व्याजदर आणि माझी कटिंग

मध्यवर्ती बँकेत महागाईचा अभ्यास करणाऱ्या विभागात माझी नोकरी झाली. शेवटच्या वर्षी टमाटर भडकले आणि व्याजदर ठरवणाऱ्या समितीसाठी पाहणीचं टिपण लिहायला मला यवतमाळ जिल्ह्यात धाडलं. सोबत विभागातली एक तरुण अर्थतज्ज्ञ होती. त्या टिपणाबद्दल माझं फार कौतुक झालं. ते माझं नव्हतं.

तिचं म्हणणं सरळ होतं. "सर, पावसानं पीक गेलंय. दोन-तीन महिन्यांत नवं येईल. व्याजदर आज वाढवला तर त्याचा परिणाम दिसायला वर्ष लागेल, आणि व्याजदरानं काही टमाटर पिकत नाहीत. बाकीचे भाव, मजुरी, भाडी त्यामागे धावायला लागली, लोकांनी महागाई टिकणारच असं धरलं, तरच हात घालायचा."

"धावताहेत," मी म्हणालो. माझ्याकडे पुरावा होता. आदल्या दिवशी नेर गावातल्या सलूनमध्ये मी कटिंग केली होती. साठऐवजी ऐंशी रुपये पडले. भाजीची आग सेवांपर्यंत पोचली, असं मी टिपणात लिहूनही टाकलं होतं. शिफारस : दर वाढवा.

"सलूनवाला डोक्याला टमाटर चोळतो का, सर?"

"तो घरी खातो ना!"

टिपण संध्याकाळी पाठवायचं होतं. एकदा ते गेलं असतं तर समितीपुढे माझं ऐंशी रुपयांचं डोकंच मांडलं गेलं असतं. तिनं गाडी परत नेरला वळवायला लावली. वाटेत दोन खानावळींत थांबलो. थाळीचा भाव तोच, फक्त भाजीत टमाटरऐवजी चिंच. बसचं तिकीटही तेच. कापूस वेचणीची मजुरीही बदलली नव्हती.

सलूनवाल्यानं मला ओळखलं आणि हात जोडले.

"कटिंगचा भाव कधी वाढवला, भाऊ?" तिनं विचारलं.

"कायले वाढवू, ताई? साठच हाय. मंग गिऱ्हाईक त्या कोपऱ्यावरच्याकडे जाईन."

"मग माझ्याकडून ऐंशी?" मी.

"साहेब, तुमी पाऊण तास खुर्चीत बसून सवाल इचारून राह्यले होते. तेल काय भाव, दाळ काय भाव, पुढच्या साली काय व्हईन. दोन माणसं उठून गेली. वीस रुपये त्याचे लावले."

ती दाराबाहेर जाऊन हसली. निदान बाहेर गेली.

गाडीत बसून मी शिफारस बदलली : हा धक्का तात्पुरता आहे, तो पसरलेला नाही, दर आहे तिथेच ठेवून लक्ष ठेवावं. वाक्यं तिची, टंकलेखन माझं. कटिंगचा परिच्छेद खोडला. समितीनं दर हलवला नाही. अर्थात त्यांच्यापुढे आमच्यासारखी बरीच टिपणं होती. टमाटर उतरले. वरिष्ठांनी भर बैठकीत माझ्या 'मातीशी असलेल्या नात्याचं' कौतुक केलं. ती समोरच बसली होती. मी मान झुकवून आभार मानले.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "सर, टिपणावर माझं नाव घालायचं राहिलं."

"पुढच्या वेळी नक्की," मी म्हणालो. माझ्या निवृत्तीला तेव्हा अकरा दिवस उरले होते, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.