पानाच्या तळाशी उरलेली जागा

सुंदर मराठी लिहिण्याची मला लहानपणापासून हौस. तिच्यापायी कोणाचं भलं झाल्याचं मात्र आठवत नाही. लग्नानंतर बायकोला धाडलेलं पहिलं पत्र तिनं वडिलांकडून समजावून घेतलं होतं, यावरून काय ते ओळखा.

साठच्या दशकात मी बेंगळुरात एका कारखान्याच्या भरती खात्यात कारकून होतो. बेळगावकडच्या उमेदवारांसाठी परीक्षेचा पेपर इंग्रजी-कन्नडबरोबर मराठीतही काढायचं ठरलं, आणि मी बेळगावचा म्हणून साहेबांनी मलाच कुलूपबंद खोलीत बसवलं. "मदत नको, अडथळाही नको," ते म्हणाले. "इंग्रजीवाल्याला जेवढं अवघड, तेवढंच मराठीवाल्याला."

तपासायला एक अक्का येत. इथल्याच जुन्या मराठी घराण्यातल्या, मुलींच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या. त्यांना मूळ इंग्रजी दाखवायचं नाही, अशी पद्धत होती. त्यांनी माझं मराठी वाचून तोंडी त्याचं इंग्रजी करायचं, आणि मी ते मुळाशी ताडून पाहायचं. फरक निघाला की चूक माझी. बहुतेक वेळा निघेच.

"अण्णा, या विजेच्या प्रश्नाचं उत्तर मला वीज न शिकताच सापडलं."

"ते कसं?"

"तुमचा तिसरा पर्याय बघा. बाकीचे तिघे अर्ध्या ओळीत आटोपले, हा दोन ओळी पसरलाय. लाडका लेक दिसतोय. स्वल्प कापा त्याला."

कापला. पुढे हौदाच्या गणितात मी कंसात घातलं होतं, 'दोन्ही नळ एकाच वेळी उघडे आहेत हे ध्यानात घ्यावे.'

"हे इंग्रजीत आहे?"

"नाही. पोरांना कळावं म्हणून घातलं."

"मग ओळखायचं कोणी? तेच तर विचारलंय!"

तेही गेलं. सूचनांमध्ये मात्र अक्कांना बोट ठेवायला जागा मिळाली नाही. बरोबर उत्तराला एक गुण, चुकीच्याला पाव गुण वजा, सोडलेल्याला शून्य. "सरी, ठीक आहे," म्हणत त्यांनी सही केली.

मग छापखाना. खिळे जुळवणारा जुळारी म्हणाला, "कन्नडच्या सूचनांनी पान भरलंय, तुमच्या मराठीचं खाली बोडकं दिसतं. एखादी ओळ देता?"

मला ओळ मागायची! मी उभ्याउभ्याच लिहून दिली: 'खात्री नसल्यास उत्तर लिहू नये; उतावळेपणाने हाती असलेलेही गमवाल.' दोनदा मोठ्यानं वाचून पाहिली. अक्कांना दाखवावी असं मनात आलं नाही, असं नाही. पण तो काही प्रश्न नव्हता, पर्याय नव्हता, आणि ओळ फार झकास उतरली होती.

निकाल लागल्यावर एक बाई खिडकीशी आली. निपाणीची, विधवा, मुलीला घेऊन भावाच्या घरी राहणारी. एका गुणानं नाव गेलं होतं, आणि पुढच्या खेपेला ती वयात बसणार नव्हती. भांडायला आली नव्हती. कुठं कमी पडले एवढंच तिला विचारायचं होतं.

"सहा प्रश्नांत दोन-दोन पर्याय खोडले होते, दादा. उरलेल्या दोघांत अडले. म्हणून सोडून दिले."

"दोघांतला एक लिहायचा की!" मी म्हणालो. असं अडलं तर ठोकून देण्यातच फायदा होता. चार चुकले तेव्हा कुठं एक गुण जाणार. हे अक्कांच्या शाळेतल्या मुलींनीही सांगितलं असतं.

"पण पेपरावर लिहिलं होतं ना, खात्री नसेल तर लिहू नका," ती म्हणाली. "घरचं वडीलधारं माणूस सांगतं तसं वाटलं. मोडवेना."

माझ्या लिखाणाचं इतकं कौतुक आधी कोणी केलं नव्हतं, नंतरही नाही.

मी साहेबांकडे धावलो. उत्तरपत्रिका काढल्या, तर मराठीच्या गठ्ठ्यात कोऱ्या जागाच जास्त. साहेबांनी ते पाहिलं, मग मला विचारलं, "गुण द्यायचा नियम बदलला?"

"नाही."

"बेरीज चुकली?"

"नाही."

"मग निकाल चुकला म्हणून वर काय लिहू? कोऱ्या जागेला गुण देऊ?" आणि त्यांनी पहिल्या पानावरच्या वाक्यावर बोट ठेवलं: 'मजकुरात फरक आढळल्यास इंग्रजी ग्राह्य धरावे.' तेही भाषांतर माझंच होतं. त्यात मात्र काडीचा फरक नव्हता.

खिडकीशी परत येऊन सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "असू दे. तुम्ही निदान आत जाऊन विचारलंत." ओळ कोणाची, हे मी तिला सांगितलं. "अक्षर छापील होतं," म्हणाली, "मला वाटलं कारखान्याचं म्हणणं आहे." पिशवी उचलून ती गेली.

अक्कांना कळलं तेव्हा माझी थट्टा होईल म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी चहाचा पेला बाजूला सारला.

"मी पर्यायांची लांबी मोजत बसले," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही अख्खा पेपर अवघड करून ठेवलात. कोऱ्या जागेला शून्य मिळतं, अण्णा. वजा नाही मिळत. पानाखालची तेवढी राहू द्यायची होती."