पिल्लू आणू नये

मांजरीच्या पिल्लाचे डोळे निळे का असतात, हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला होता. मसोलीला माझा जनावरांचा दवाखाना आहे. रानशेतकडचा माणूस शेळी अगदी आडवी पडली की येतो, तेही तिला खांद्यावर घालून, आणि वर आधी नाही आणली म्हणून माझीच माफी मागतो. मांजरवाले मात्र डोळ्यांचा रंग घेऊन येतात.

समुद्राकाठी बंगला बांधून शनिवार-रविवारी येणाऱ्या एका बाईंनी मला फोनवर चांगलंच धारेवर धरलं. "मी ब्लू आईज बघून पिल्लू घेतलं होतं. तुमच्या इंजेक्शननंतर ते हिरवे झालेत." लसीने म्हणे डोळ्यांचा रंग उतरला! मी त्यांना म्हटलं, बाई, निळा रंग त्या डोळ्यांत कधी नव्हताच. पिल्लू आठ-दहा दिवसांनी डोळे उघडतं, तेव्हा बाहुलीभोवतीच्या पडद्यात रंग तयार झालेलाच नसतो. चुलीचा विरळ धूर काळ्या भिंतीसमोर निळसर दिसतो ना, तसं. धुरात कुणी नीळ कालवलेली नसते, उजेड त्यात विखुरतो म्हणून तो निळा दिसतो. महिना-दीड महिन्याने त्या पडद्यातल्या पेशी रंग बनवायला लागतात. थोडा बनला तर डोळा हिरवा होतो, जास्त बनला तर पिवळा, नाहीतर तांबूस. तीन-चार महिन्यांत रंग ठरतो. काही जातींची आणि काही पांढरी मांजरं निळ्या डोळ्यांचीच राहतात, पण तुमचं पट्ट्यापट्ट्यांचं पिल्लू त्यातलं नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता बदलून मिळेल का?"

हे झालं त्याच आठवड्यात घोलवडचा एक चिकूवाला तीन महिन्यांचं पिल्लू टोपलीत घालून घेऊन आला. "मॅडम, कमळो झालाय. डोळे पिवळे झाले बघा." कमळो म्हणजे कावीळ. त्याने चार दिवस त्या पिल्लाला उसाचा रस पाजला होता. मांजराला उसाचा रस! पिल्लाला हगवण लागली होती, ती रसामुळे. मी त्याला पिल्लाच्या डोळ्यातला पांढरा भाग दाखवला, हिरड्या उचलून दाखवल्या. सगळं जिथल्या तिथे पांढरं आणि गुलाबी होतं. कावीळ तिथे दिसते, म्हटलं, हा तर त्याचा स्वतःचा रंग आलाय. तो म्हणाला, "पण पहिला निळा होता ना!"

माझं डोकं फिरलं. त्याच संध्याकाळी स्टेशनजवळच्या दुकानात जाऊन मी फ्लेक्स छापून घेतला आणि दवाखान्याच्या दारावर ठोकला. "मांजरीच्या पिल्लांचे डोळे निळेच असतात. दोन-तीन महिन्यांत रंग बदलतो. हा आजार नाही. यासाठी फोन करू नये." दुकानदार म्हणाला, खाली जागा उरतेय. मग मी तांबड्या अक्षरांत आणखी एक ओळ घालायला लावली: "पिल्लू आणू नये." फ्लेक्स बघून मला फार बरं वाटलं, हे कबूल करते.

महिनाभर पिल्लू घेऊन कुणी फिरकलं नाही. मी खुशीत होते.

मग एका सकाळी किनाऱ्यावरची एक मासळीवाली आली. तिला मी ओळखत होते. ती बोंबील सुकवते, बाजारात सुकट विकते, आणि मला नेहमी "डॉक्टरीणबाय, तुमी" म्हणून बोलते. तिची जुनी मांजर रस्त्यावर गाडीखाली गेली होती. मागे एकच पिल्लू उरलं होतं, दीड महिन्याचं. ते तिने पदरात गुंडाळून आणलं होतं. मासे सुकवणाऱ्या घरात मांजर नसलं तर उंदीर आधी सुकट खातात आणि मग जाळी. पण ती तेवढ्यासाठी आली नव्हती, हे तिच्या हाताकडे बघून कळत होतं. पिल्लाच्या मानेखाली तिचा अंगठा सारखा फिरत होता.

मी पिल्लाचा उजवा डोळा पाहिला. निळा, स्वच्छ, मधोमध काळीभोर बाहुली. डावाही निळाच होता, पण तो निळा वेगळा होता. रंग आतल्या पडद्याचा नव्हता, डोळ्याच्या वरच्या काचेवरच निळसर-पांढरं धुकं चढलं होतं आणि त्यामागे बाहुली दिसतच नव्हती. कडा चिकटलेल्या, नाकाला शेंबूड. पिल्लांना सर्दी होते, ती डोळ्यांत उतरते आणि काचेवर जखम करते. मी तपासणीचा रंग घातला, तर अर्धी काच हिरवी झाली. तेवढी सगळी जखम होती.

माझा पारा चढला. "इतके दिवस काय करत होतात? आठवडाभर आधी आणलं असतं तर हा डोळा वाचला असता! पिल्लू मरायला टेकल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढायचीच नाही, असं ठरवलंयत का तुम्ही लोकांनी?"

तिने पिल्लू परत पदरात घेतलं.

"आणलं होतं," ती म्हणाली. "आठ दिवस झाले. दुपारची आली, तर तुमच्या दाराला कुलूप. तुमी कुठं शेळ्यांना सुया द्यायला गेलेल्या. मी वाट बघत पायरीवर बसले. आणि समोर हे." तिने दाराकडे हात केला. "मला वाचता येतं. सातवी शिकलेय. एक डोळा जास्त निळा हाय, हे मला दिसत होतं. रिक्षावाल्याला पण बोलले, ह्याचं कायतरी वेगळं हाय. मग वाचलं. डॉक्टरीणबाय लिहितात, निळेच असतात. आजार नाय. आणू नये. मी बोलले, बाई शिकलेली हाय, तिला जास्त कळतं. घेऊन गेले परत."

आणि मग तिचा आवाज चढला. "आता मला विचारतेस, काय करत होतीस? तुजं ऐकत होते!"

इतक्या वर्षांत तिने मला पहिल्यांदा तू म्हटलं. चिकूवाल्याला बोल लावता येतो, बंगल्यावाल्या बाईंना बोल लावता येतो, इथे कुणाला लावू? जगात सगळे मूर्ख आहेत असं ठरवून मी तो फ्लेक्स लावला होता, आणि तो खरा मानला तो एका शहाण्या बाईने. तिने दोन डोळ्यांतला फरक ओळखला होता. माझ्या दारात येऊन तो विसरली. मला माझाच संताप आला. मी औषधाची बाटली उघडली आणि पहिले थेंब घातले.

पंधरा दिवस मी रोज तिच्या घरी जाऊन थेंब घातले. जखम भरली, डोळा जागेवर राहिला, पण काचेवर जाड डाग बसला. त्या डोळ्याला आता दिसणार नाही, हे मीच तिला सांगितलं. ती "बरं" म्हणाली.

फ्लेक्स मी ती आली त्याच दिवशी उतरवला होता आणि कचऱ्यात टाकणार होते. तिने तो मागून घेतला. "चांगला जाड हाय. कामाला येईल."

ती बाजारात तो फ्लेक्स खाली अंथरते आणि त्यावर सुकटीचे वाटे मांडते. अक्षरं वर करून. मी दर आठवड्याला तिच्याकडूनच बोंबील घेते आणि ती मला पुन्हा "तुमी" म्हणते. पिल्लू आता मोठं झालंय, वाट्यांच्या कडेला बसलेलं असतं. त्याचा उजवा डोळा महिन्या-दोन महिन्यांत हिरवा झाला, मग छान पिवळा. डावा तसाच आहे, निळसर. खाली तांबड्या अक्षरांतली ओळ अजून स्पष्ट वाचता येते.