जोतं नसलेलं रक्त

सांगलीत गाद्या शिवणाऱ्या मनुबाईची जीभ तिच्या दाभणापेक्षा धारदार, असं तिचा नवरा सिकंदर गिऱ्हाइकांना हसत सांगायचा. खोटं नव्हतं ते. गादीत जुना कापूस भरून द्या म्हणणाऱ्या सावकाराला तिनं एकदा भर रस्त्यात असं सोललं होतं, की तो पुढं दोन गल्ल्या वळसा घालून जायचा. माणूस बघितला की पहिल्या दोन वाक्यांत त्याचा भाव करायची ती, आणि बहुतेकांचा भाव फारसा लागत नसे.

सगळ्यात कमी भाव लागायचा तो तिच्या सख्ख्या भावाचा, नाथाजीचा. पाटणकडच्या गावात त्याचा ऊस, त्याची गाडी आणि चौकाचौकात त्याचेच फ्लेक्स. वाढदिवसाला रक्तदान शिबिर घ्यायचा. पोरं ओळीनं आडवी व्हायची, हा प्रत्येकाच्या खाटेशी उभा राहून फोटो काढून घ्यायचा. स्वतःला सुई टोचून घ्यायची मात्र ह्याची कधी छाती झाली नाही. मनूनं सिकंदरशी लग्न केलं तेव्हा ह्याच मर्दानं "ती आमच्या रगताची न्हाई" म्हणून जिवंत बहिणीचं तेरावं घातलं, गावाला बुंदी वाढली. मनूला ते कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बुंदी तरी साजूक तुपातली केली व्हती का?"

खरं सांगायचं तर त्या रात्री ती रडली होती. पण ते सिकंदरला माहीत, आणि आता आपल्याला.

मनूचं रक्त वेगळं आहे हे दुसऱ्या बाळंतपणात कळलं. कार्डावर ओ ग्रुप, आणि ओच्या बाटल्या तिच्या रक्ताशी जुळवायला घेतल्या तर एकही जुळेना. तपासणीत निघालं की तिचा बॉम्बे ग्रुप, हजारोंत एखाद्याचाच असणारा. शेवटी त्याच ग्रुपचा एक अनोळखी माणूस कोल्हापुराहून एसटीनं आला, रक्त देऊन चहासुद्धा न घेता गेला. आयुष्यात मनूनं ज्याला पूर्ण भाव दिला असा तो एक. तेव्हापासून रक्तपेढीचा फोन आला की हातातलं दाभण टोचून ठेवून ती निघायची.

परवाही तशीच निघाली. रक्तपेढीच्या डॉक्टर पल्लवी मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या, "दिवस भरलेली बाई आहे, वार खाली पिशवीच्या तोंडावर आहे, रक्त जातंय. एक पिशवी पुण्याहून निघाली आहे, पण तोवर थांबता येईल असं वाटत नाही. हाताशी रक्त असल्याशिवाय सीझर करायला डॉक्टर धजत नाहीत."

मनू दवाखान्यात पोचली, तर रक्तपेढीच्या दारात पांढऱ्या कपड्यांतल्या पोरांचा घोळका. पाटणहून तीन गाड्या भरून आलेली ओ ग्रुपची पोरं. आणि त्यांच्या मधोमध, केसांना कलप लावलेला, मॅडमवर ओरडणारा नाथाजी. शेजारी आटपाडीचे त्याचे व्याही तोंड पाडून उभे.

म्हणजे ही अडलेली बाई नाथाजीची पोर. प्रियदर्शनी. मनूनं तिला कधी पाहिलंही नव्हतं.

"पोरीच्या कार्डावर ओ लिवलंय, ही पोरं ओ हायत, मग घ्या की रगत! कुणाची वाट बघताय?" नाथाजी म्हणत होता.

मॅडम थकल्या होत्या. तरी पुन्हा समजावत होत्या. "नाथाजीराव, घर बांधताना आधी जोतं लागतं ना? रक्ताच्या पेशीवर तसं एच नावाचं जोतं असतं. त्यावर ए किंवा बीचा मजला चढतो. ओवाल्यांचं नुसतं जोतं. तुमच्या मुलीला जोतंच नाही. साध्या तपासणीत फक्त मजले शोधतात, म्हणून ती ओ दिसते. पण तिच्या रक्तातलं पाणी त्या जोत्यालाच शत्रू मानतं. ओचं रक्त चढवलं तर त्या पेशी तिच्या अंगात फुटतील, जिवावर बेतेल. तिला तिच्यासारखंच बिनजोत्याचं रक्त लागणार. आईबाप दोघांकडून तो दोष आला तरच असं होतं. तुमच्यात नात्यात लग्नं होतात का?"

नाथाजीची छाती पुढं आली. "आमच्यात मामाचीच पोरगी करायची. माझ्या बानं केली, मी केली. भायेरचं रगत घरात येऊ दिलं न्हाई आमी!"

"म्हणूनच शक्यता वाढली," मॅडम कोरडेपणानं म्हणाल्या. "तुम्हा नवरा-बायकोचं तपासलं, जुळत नाही. पण अशा वेळी जवळच्या नात्यात सापडू शकतं. मगाशीही विचारलं होतं, तुम्हाला बहीण-भाऊ आहेत का?"

"सांगितलं की. एक भन व्हती. वारली."

मनू चार हातांवर उभी होती. ह्या माणसाची पोरगी आत रक्तानं चिंब झाली होती, आणि हा अजून बुंदीच्याच पंगतीला बसलेला. मनूला राग आला नाही. गटारात पाय पडल्यावर येते तशी शिसारी आली.

तिला बघताच मॅडमचा चेहरा खुलला. "ह्या आल्या आपल्या दात्या."

नाथाजी वळला. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग काळा. हात उगाच मिशीकडं गेला.

आत हिमोग्लोबिन, ब्लडप्रेशर सगळं ठीक निघालं. सुई लावायच्या आधी मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला, आणि नाथाजी दारातच असल्यामुळं दोघांकडं बघून विचारला. "पेशंटशी काही नातं? असलं तर सांगा. रक्ताच्या नात्यातल्या पांढऱ्या पेशी पेशंटच्या अंगात घर करून तिच्यावरच उलटू शकतात. मग वाचणं कठीण. नातं असेल तर पिशवी आधी किरणांच्या मशीनमधून काढते."

मनूनं तोंड मिटून घेतलं. म्हटलं, बोलू दे ह्यालाच. पोरीसाठी तरी बोलेल.

नाथाजीनं मागं व्याह्यांकडं बघितलं. पांढऱ्या कपड्यांतल्या पोरांकडं बघितलं. घसा खाकरला.

"न्हाई," तो म्हणाला. "ओळखीच्या हायत. गावाकडच्या."

पोरीच्या जिवापेक्षा ह्याला व्याह्यांपुढची मिशी मोठी वाटली! अशा माणसासाठी आपण एक रात्र रडलो, ह्याचीच मनूला चीड आली.

"मॅडम," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "मी पोरीची सख्खी आत्या हाय. काढा मशीनमधनं. आन् ह्याला भायेर काढा."

व्याही चमकून वर बघायला लागले. मॅडमनी नाथाजीकडं अशी नजर टाकली की तो स्वतःच दोन पावलं मागं सरला. मनूनं बाही वर केली.

पिशवी भरली, तपासली, किरणांखालून निघाली, प्रियदर्शनीच्या रक्ताशी जुळली. संध्याकाळी सीझर झालं. मुलगी झाली. मायलेकी दोघी सुखरूप. प्रियदर्शनीला शुद्ध आल्यावर कुणीतरी सांगितलं, तेव्हा तिनं आत्याला आत बोलावलं, हात धरला, आणि बराच वेळ सोडला नाही. मनूनं दुसऱ्या हातानं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले.

सिकंदर स्कूटर घेऊन फाटकाशी थांबला होता. मनू निघाली तसा नाथाजी मागून घाईघाईनं आला. आता तरी दोन शब्द नीट बोलेल, असं कुणालाही वाटलं असतं.

"मने," तो हळू आवाजात म्हणाला, "झालं ते झालं. पर गावात कुठं बोलू नगंस. लोकास्नी कळाय नगं, कुणाचं रगत ते."

मनूनं स्कूटरवर बसत पदर खोचला.

"न्हाई बोलत, जा. तू माझा भाऊ हाईस हे सांगायची मला बी लाजच वाटतीया."

सिकंदरनं किक मारली.